बीसीजी लस: तान्ह्या बाळाला संरक्षण, मोठ्यांच्या फुप्फुसाला का नाही

बीसीजी ही टीबीवरची लस. काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गायींच्या टीबीचा जंतू तेरा वर्षं पुन्हापुन्हा वाढवून कमजोर केला आणि 1921 मध्ये पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा बाळाला दिली. आपल्याकडे जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर कातडीतच टोचतात, काही आठवड्यांनी तिथे फोड येतो आणि मग कायमचा व्रण राहतो.

आता गोंधळ इथे होतो की ही लस जंतूला फुप्फुसात शिरण्यापासून फारशी अडवत नाही. तिची खरी कामगिरी त्याच्या पुढची आहे. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसात जंतू गेला की बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, त्यामुळे जंतू तिथेच कोंडला न जाता रक्तात उतरतो, सगळ्या अंगभर पसरतो (मिलिअरी टीबी, एक्स-रेमध्ये बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके दिसतात) नाहीतर मेंदूच्या आवरणात जातो. लसीने आधीच तयार झालेल्या टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लवकर धावून येतात आणि ही रक्तातली पसरण रोखतात. म्हणून या दोन प्रकारांवर लस चांगली चालते, पूर्ण नाही पण बरीच.

मोठ्या माणसाचा छातीचा टीबी वेगळाच प्रकार आहे. जंतू बऱ्याचदा वर्षानुवर्षं गाठीत दबून असतो आणि नंतर डोकं वर काढतो, किंवा बाहेरून नव्याने येतो. फुप्फुसात जी पोकळी पडते ती तर बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या मारामारीतून पडते, मग टी-पेशी आहेत एवढ्यावर काय भागणार? शिवाय कातडीत दिलेल्या लसीमुळे खुद्द फुप्फुसात ठाण मांडून बसणाऱ्या पेशी फार कमी तयार होतात, आणि लसीचा असर वर्षं गेली तसा ओसरतो.

याची सगळ्यात मोठी परीक्षा तमिळनाडूत चिंगलपेटला झाली, 1968 पासून. अडीच लाखांहून जास्त लोक, काहींना लस तर काहींना नुसतं औषधाविना इंजेक्शन, आणि 15 वर्षं पाठपुरावा. मोठ्यांना छातीच्या टीबीपासून संरक्षण काहीच दिसलं नाही. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर हीच लस जवळजवळ 80 टक्के चालली होती. फरकाचं एक पटणारं कारण असं की आपल्या माती-पाण्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर, लोकांच्या शरीराची त्यांच्याशी आधीच ओळख झालेली असते, त्यामुळे लसीतला जंतू वाढायच्या आतच मारला जातो आणि लसीला नवीन काही शिकवायला उरत नाही. नवजात बाळाची पाटी कोरी असते. चिंगलपेटच्या निकालावरून "बीसीजी फेल" असं म्हणणारे मात्र चुकतात, कारण तिथे मोजलं गेलं ते छातीच्या टीबीचं प्रमाण, बाळांच्या मेंदूच्या टीबीचं नाही.

मग मोठेपणी परत टोचून घ्यावी का? ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांना दुसरा डोस देऊन पाहिला, फायदा नगण्यच निघाला.