घातांक फुटला की संख्या फुटलीच

ऑक्टोबर 2024 मध्ये बातमी आली होती की 2^136279841 − 1 ही मूळ संख्या सापडली, तब्बल 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकांची. तीच बातमी परवा कुणीतरी आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपवर पुन्हा टाकली आणि खाली शेरा मारला, दोनच्या घातात कुठलीही मूळ संख्या घाला, एक वजा करा, नवीन मूळ संख्या तयार! लगेच एकाने विचारलं, मग माझा लकी नंबर चालेल का. अहो, गणिताला तुमची जन्मतारीख ठाऊक नसते.

शेरा चुकीचा आहे, पण त्याची उलटी बाजू पक्की खरी आहे, म्हणजे 2^n − 1 मूळ असेल तर n मूळ असावाच लागतो. कारण बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, प्रत्येक जागेची किंमत उजवीकडच्या जागेच्या दुप्पट धरून लिहून बघितलं की लगेच दिसतं. तिथे 2^n − 1 म्हणजे ओळीने नुसते n एक, बाकी काही नाही. n = 15 घेऊ. 2^15 − 1 म्हणजे 32767, बायनरीत पंधरा एक. आता पंधरा आंबे पेटीत तीन-तीनच्या ओळीत बरोबर बसतात ना, तसेच हे एक मांडा:

111 111 111 111 111

प्रत्येक गटात 111, म्हणजे 7. फक्त जागा वेगळी, त्यामुळे उजवीकडून गटांच्या किमती 7, मग 7 × 8, 7 × 64, 7 × 512 आणि 7 × 4096. सगळ्यांत 7 कॉमन, तो बाहेर काढला की 7 × 4681, झाले 32767. पाच-पाचचे गट केले तर 11111 म्हणजे 31 बाहेर येतो आणि 31 × 1057 मिळतात, संख्या तीच.

म्हणजे n = a × b असला आणि दोन्ही 1 पेक्षा मोठे असले की a-a चे गट पडणार आणि 2^a − 1 ने भाग जाणारच, मग n पंधरा असो की पंधरा कोटी. n मूळ असेल तर असे सारखे गट एकेकट्याचेच पडतात, आणि 2^1 − 1 = 1, एकने भाग जाऊन काय मिळणार? दोनाची खरी गंमत इथेच आहे. तिनाचे घात घेतलेत तर एकेकट्या गटातूनही 3 − 1 = 2 बाहेर पडतो, म्हणून 3^n − 1 नेहमी सम, आणि n = 1 सोडला तर कधीच मूळ नाही. दहाचं तर विचारूच नका, 999 ला 9 ने भाग जातोच.

पण गट पडत नाहीत म्हणजे संख्या फुटणार नाही असं नाही, शेरा मारणारा नेमका इथेच घसरला. n = 11 घ्या, मूळ आहे, तरी 2^11 − 1 = 2047 = 23 × 89. हा 23 कुठल्याही गटातून आलेला नाही, तो शोधावाच लागतो, म्हणून मोठ्या घातांकांवर कॉम्प्युटर चालवायच्या आधी संयुक्त n सरळ बाजूला काढतात आणि उरलेल्या प्रत्येक मूळ n ची वेगळी तपासणी करतात.