मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस नको असेल तर: १५जी आणि १५एच भरताना कुठे अडतं

शेजारच्या काकू मार्चअखेरीस ठेवीची पावती घेऊन आल्या. "व्याज तर अजून हातात पडलंच नाही, मग कर कसला कापला?" दहा लाखांची पाच वर्षांची ठेव, व्याज मुदत संपल्यावर एकदम मिळणार. त्यांची समजूत अशी की मुदत संपेल तेव्हाच कराचं बघायचं. बँकेचा हिशोब तसा नसतो. ठेवीवर त्या वर्षी जेवढं व्याज चढतं, ते हातात पडो न पडो, त्यावर बँक टीडीएस कापते आणि तो ठेवीतूनच वजा होतो. पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा शेवटी कमी पैसे हातात येतात ते त्यामुळेच.

तो टाळायचा तर बँकेला लिहून द्यावं लागतं की माझं वर्षाचं उत्पन्न करपात्र नाही. साठ वर्षांखालच्यांसाठी फॉर्म १५जी, साठ आणि त्यावरच्यांसाठी १५एच. याच आर्थिक वर्षात, अगदी मार्चमध्ये जरी, साठ पूर्ण होत असतील तरी १५एच चालतो. फॉर्म शाखेत फुकट मिळतो, बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्येही असतो. या लेखातले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

आधी एवढं बघा की फॉर्मची गरज आहे का. एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधलं मिळून वर्षाचं व्याज ५० हजारांच्या आत असेल (ज्येष्ठ नागरिकांना १ लाख) तर बँक मुळात कापतच नाही. त्यावर गेलं की १० टक्के. पॅन नसेल तर २० टक्के.

आणि पॅनपाशीच पहिली ठेच लागते. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झालं असेल तर कायद्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखंच. मग फॉर्म कितीही नीट भरलेला असो, तो बाद. काउंटरवर कागद घेतात, शिक्काही मारतात, आणि कापलेली रक्कम दिसल्यावर मग धावाधाव सुरू होते. म्हणून आधी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅन-आधार जोडणी तपासा. नसेल तर हजार रुपये भरून जोडून घ्या, आणि मगच बँकेत जा. ऐंशी ओलांडलेल्यांना या जोडणीतून सूट आहे.

आता फॉर्म. नाव, पत्ता, फोन यात कोणी चुकत नाही. लोक चुकतात ते 'प्रीव्हियस इयर'च्या रकान्यात. शब्दाचा अर्थ मागील वर्ष, म्हणून बिचारे गेलं वर्ष लिहून मोकळे होतात. आयकराच्या भाषेत मात्र ज्या वर्षी व्याज मिळतं, ते चालू आर्थिक वर्ष म्हणजे 'प्रीव्हियस इयर'. तिथे २०२५-२६ च लिहायचं. हे नाव ठेवणाऱ्याला एकदा काउंटरवर बसवायला हवं.

पुढचा गोंधळ रकमांचा. १५जीमध्ये १६ व्या रकान्यात हा फॉर्म ज्या व्याजासाठी देताय तेवढंच व्याज लिहायचं. लोक तिथे ठेवीची मुद्दल लिहितात. १७ व्या रकान्यात वर्षाचं सगळं अंदाजे उत्पन्न येतं आणि त्यात १६ मधली रक्कम धरलेली असते. त्यामुळे १७ चा आकडा १६ पेक्षा कमी असूच शकत नाही. "माझं दुसरं काही उत्पन्न नाही" म्हणून तिथे शून्य टाकलेले फॉर्म परत येतात.

काकूंचंच घ्या. वय ५७. दहा लाखांवर ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ७१,८५०. गावातल्या पतसंस्थेतल्या ठेवीचं १८,०००. घरी शिवणकाम करतात त्याचे ३६,०००. पतसंस्थेने टीडीएस कापला नाही म्हणून ते व्याज सोडायचं नाही, उत्पन्नात ते धरावंच लागतं. म्हणजे १६ मध्ये ७१,८५०, १७ मध्ये १,२५,८५०. १८ व्या रकान्यात याच वर्षी दुसरीकडे किती १५जी दिले ते विचारतात. त्यांनी कुठेच दिला नव्हता, म्हणून शून्य. १९ मध्ये ठेवीचा क्रमांक, तो पावतीवर असतो. फॉर्मचा दुसरा भाग बँकेचा, तो कोरा सोडा.

गेल्या सहा करनिर्धारण वर्षांत कधी कर आकारणी झाली का, असाही एक प्रश्न आहे. विवरणपत्र भरलेलं असेल तर 'हो' लिहायला घाबरू नका, त्याने फॉर्म बाद होत नाही.

सगळ्यात जास्त वाद पात्रतेवरून होतात. "बारा लाखांपर्यंत कर नाही, मग माझा फॉर्म का घेत नाही?" १५जीला दोन अटी आहेत. वर्षाचा कर शून्य हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी अट अशी की कापणी नको म्हणून जे व्याज वगैरे दाखवताय त्याची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत हवी. नव्या करप्रणालीत ती मर्यादा ४ लाख, जुन्या प्रणालीत अडीच लाख. बारा लाखांचा आकडा सवलतीमुळे येतो, मर्यादेमुळे नाही. म्हणून पन्नाशीत नोकरी सोडून साठ लाख ठेवीत टाकणाऱ्याचं ७ टक्क्यांनी ४,२०,००० व्याज झालं, तर सवलतीमुळे कर शून्य असूनही त्याला १५जी देता येत नाही. बँक ४२,००० कापणार आणि ते विवरणपत्र भरून परत मागावे लागणार. १५एचला ही दुसरी अट नाही; ज्येष्ठांना सवलत धरून कर शून्य येत असला की पुरे.

अनिवासी भारतीयांना यातला कोणताच फॉर्म चालत नाही. परदेशातल्या मुलाच्या नावावरच्या ठेवीसाठी आई-वडील फॉर्म घेऊन येतात, त्यांना परत पाठवावं लागतं.

तारखेचं काय? फॉर्म दर आर्थिक वर्षी नव्याने द्यायचा असतो, आणि ज्या ज्या बँकेत ठेव आहे तिथे वेगळा. गेल्या वर्षी दिलेला ३१ मार्चला संपतो. वर्षभरात कधीही देता येतो हे खरं, पण अनेक बँका वर्षाच्या व्याजाचा अंदाज करून पहिल्या तिमाहीपासूनच कापायला लागतात. त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच देऊन टाका. मध्येच नवी ठेव केली तर तिच्यासाठी पुन्हा विचारा, कारण जुन्या फॉर्मात तिचा क्रमांक नसतो. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. "दिला होता" या शब्दाला शाखेत काही किंमत नसते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय आणि त्यात फॉर्मचे क्रमांक बदलतात. तेव्हा पुढच्या वर्षासाठी जुन्या छापील फॉर्मांचा गठ्ठा घरी जपून ठेवू नका, शाखेतून नवा मागा.

खोटं लिहून देऊ नका. करपात्र उत्पन्न असताना शून्य कर दाखवला तर आयकर कायद्याच्या कलम २७७ खाली तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलं वडिलांची सही घेऊन वाटेल तो आकडा टाकतात, पण सही वडिलांची असते.

काकूंचं काय झालं? वर्षाचे ७,१८५ रुपये आधीच कापून सरकारजमा झालेले. ते बँक परत देत नाही, मॅनेजरसमोर कितीही बसलं तरी. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीत, ती रक्कम त्यांच्या पॅनवर दिसली की विवरणपत्र भरायचं आणि परतावा मागायचा. तो फक्त पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. काकूंच्या बँक खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळेना, एकात माहेरचं आडनाव होतं. आधी ते दुरुस्त करायला दोन फेऱ्या झाल्या.