फिकट ते गडद: ०.२९९ आणि ०.२१२६ आले कुठून?

लक्ष्मी रोडवरच्या एका ब्लाउजपीसच्या दुकानाचं शेडकार्ड वेबसाइटवर चढवायचं काम माझ्याकडे आलं होतं. रंग फिकट ते गडद असे लावायचे होते. पहिल्या झटक्यात HSL या रंगपद्धतीतल्या L वर, म्हणजे उजळपणाच्या आकड्यावर, सॉर्ट केलं, तर लिंबासारखा पिवळा आणि गडद निळा एकमेकांना चिकटून बसले. दुकानातले काका म्हणाले, "हे दोन शेजारी? डोळे जरा किलकिले करून बघा की."

चूक HSL ची म्हणता येत नाही. HSL आणि HSV ही दोन्ही १९७८ ची. तेव्हाच्या संगणकावर रंग निवडणं सोपं व्हावं, हिशेब पटकन उरकावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. तिथला L म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांची सरासरी. त्यामुळे पिवळा #FFFF00 आणि निळा #0000FF या दोघांचाही L ५० टक्के येतो. यात डोळ्याचा कुठे संबंधच नाही.

डोळ्याचा हिशेब त्याच्या कितीतरी आधी झाला होता. दोन रंगांचे प्रकाश एकाच जागी भराभर आलटून पालटून दाखवायचे आणि लुकलुक कमीत कमी होईपर्यंत एकाची तीव्रता बदलत राहायची. ती जिथे जवळपास थांबते, तिथे दोन्ही प्रकाश सारखेच उजळ. अशा आणि इतर मोजमापांवरून सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९२४ साली एक वक्र ठरवला. तो ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी हिरव्यापाशी, शिखर गाठतो आणि निळ्याकडे व लालकडे उतरत जातो.

मग टीव्ही आला. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच निकामी होऊन चालणार नव्हते. म्हणून डोळ्याच्या त्याच वक्राला धरून रंगांतून एक करडा सिग्नल काढला: ०.२९९ लाल, ०.५८७ हिरवा, ०.११४ निळा. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, पण पेठांतल्या वाड्यांत कृष्णधवल संच पुढेही बरीच वर्षं चालले. त्यांच्यावर दिसणारा साडीचा करडेपणा याच आकड्यांतून यायचा. पुढे पडद्यांचे मूळ लाल, हिरवा, निळा रंग बदलले, आणि १९९० च्या एचडी मानकात आकडे ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२ झाले. आज वेबवर चालणाऱ्या sRGB या रंगमानकाचे मूळ रंग तेच आहेत.

खरी गोम पुढे आहे. टीव्हीवाले हे गुणाकार गॅमा लावलेल्या, म्हणजे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसलेल्या, सिग्नलवर करायचे, कारण हातात तोच असायचा. हेक्स कोडमधले आकडेही तसेच दाबलेले असतात. डोळ्याचा वक्र मात्र खऱ्या प्रकाशाचा आहे. म्हणून आधी गॅमा उलगडायचा, मग गुणायचं, की रंगाचा खरा उजेड Y मिळतो:

```js
const lin = c => (c /= 255) <= 0.04045
  ? c / 12.92 : ((c + 0.055) / 1.055) ** 2.4;
const Y = ([r, g, b]) =>
  0.2126*lin(r) + 0.7152*lin(g) + 0.0722*lin(b);
colors.sort((a, b) => Y(b) - Y(a));
```

न उलगडता काय होतं ते कुंकवाच्या लालावर, #FF0000 वर, बघा. ०.२१२६ गुणिले २५५ म्हणजे साधारण ५४. #606060 हा करडा ९६ वर येतो, म्हणजे करडा फिकट ठरतो. उलगडून केलं तर लाल ०.२१३ आणि करडा ०.११७, क्रम उलटा! स्क्रीनशॉट कृष्णधवल करून खात्री करायला जाल तर तिथेही फसाल, कारण असे बरेच फिल्टर जुन्या टीव्हीच्याच पद्धतीने चालतात.

१९७६ मध्ये सीआयईने उजळपणाचा L* हा आकडा दिला. त्यात Y चं घनमूळ येतं (अगदी गडद टोक सोडून), म्हणजे डोळ्याला सारख्या वाटणाऱ्या पायऱ्या मिळतात. पण Y वाढला की L* वाढतोच, तेव्हा नुसत्या सॉर्टिंगसाठी त्याची गरज नाही. तरी अनेक लायब्ररी तो काढतात. बिघडत काहीच नाही.

एवढ्यावर भांडण मिटत नाही. चटक रंग तेवढ्याच Y च्या करड्यापेक्षा उजळ भासतो. याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात, आणि L* तो धरत नाही. ब्योर्न ओट्टोसनने २०२० मध्ये मांडलेल्या Oklab या रंगपद्धतीचा L मात्र नुसत्या Y वर ठरत नाही. #FF0000 चा L* ५३.२ आणि #808080 चा ५३.६, म्हणजे करडा किंचित फिकट. Oklab मध्ये लाल ०.६२८ आणि करडा ०.६००, म्हणजे लाल फिकट. हे दोन रंग फोनवर शेजारी ठेवून मी काकांना दाखवले. त्यांनी क्षणभरही न थांबता लाल आधी लावला.