संपादकांना लिहिलेल्या पत्रातले 'प्रथमच'

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की डोळ्याला उसाचे पान लागलेले रुग्ण कोल्हापूर परिसरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे येऊ लागतात. पानाची कड करवतीसारखी असते आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तिने सहज खरवडला जातो. अशा रुग्णांवर कोणी लेख लिहिला की तो वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवताना संपादकांच्या नावे एक पानी पत्र जोडावे लागते. सहकाऱ्यांची अशी पत्रे तपासायला माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत पहिल्याच परिच्छेदात 'जगात प्रथमच' हे शब्द असतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते खपून जातात, संपादकांपुढे मात्र टिकत नाहीत.

एक काल्पनिक रुग्णमालिका घेऊ. उसाचे पान लागून डोळ्यात जखम झालेले ६ रुग्ण आहेत. जखम खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बुरशीसारखे तंतू दिसले, म्हणून नाटामायसिनचे थेंब सुरू केले, तरीही जखम वाढतच गेली. हा जीव बुरशी नव्हता, तो पिथियम इन्सिडिओसम होता. दिसायला तो बुरशीसारखा असला तरी नात्याने तपकिरी शैवालांच्या जवळचा आहे. नाटामायसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटते आणि त्यामुळे बुरशीची वाढ थांबते. पिथियमच्या पटलात हा घटक जवळजवळ नसतोच, त्यामुळे औषधाला पकडायला काही सापडत नाही. ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले तंतू पानाच्या तुकड्यासह पाण्यात ठेवतात. तंतूंच्या टोकाला फुगे येऊन त्यांतून शेपट्या असलेले पोहणारे बीजाणू बाहेर पडले, तर तो पिथियम. मग प्रथिननिर्मिती रोखणारी लिनेझोलिड आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जीवाणूंवरची औषधे वापरून पाहतात.

आता या मालिकेत नवे काय? पिथियममुळे होणारा डोळ्याचा संसर्ग भारतातून अनेकदा नोंदला गेला आहे, तेव्हा 'प्रथमच' गेले. `Pythium AND keratitis AND sugarcane AND Kolhapur` असा वैद्यकीय लेखांच्या संग्रहात शोध घेऊन शून्य निकाल दाखवणे ही तर स्वतःचीच फसवणूक आहे, कारण इतकी अरुंद जाळी टाकल्यावर मासा सापडणारच नाही. 'आम्ही अमुक दिवशी, अमुक संग्रहांत, अमुक शब्दांनी शोध घेतला' असे लिहून नवेपणा नेमक्या जागी ठेवावा: सहाही रुग्णांत उसाच्या पानाची इजा होती आणि सहाही जणांवर आधी बुरशीचे उपचार झाले होते.

दुसरा मोह टक्केवारीचा असतो. सहांपैकी पाच डोळे बरे झाले की लेखक '८३ टक्के यश' असे लिहून मोकळे होतात. पण बरे न वाटल्याने मिरजेला किंवा पुण्याला निघून गेलेले रुग्ण या सहांत नाहीत, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नाही. रुग्णमालिका एखादी गोष्ट घडते एवढे दाखवते; ती किती वेळा घडते किंवा औषधामुळेच घडली का, हे ती सांगू शकत नाही. म्हणून पत्रात '६ पैकी ५ रुग्णांत जखम भरली' एवढेच लिहावे.

नैतिकता समितीच्या परिच्छेदात तारखा बघाव्यात. उपचार आधी झालेले असतात, त्याला हरकत नसते. पण संशोधनासाठी केसपेपर उघडण्याआधी समितीची मंजुरी हवी, आणि काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. त्यामुळे समितीचे नाव, मंजुरीचा क्रमांक व दिनांक आणि माहिती गोळा करण्यास सुरुवात केल्याचा दिनांक हे सगळे पत्रात द्यावे. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी समिती संमतीची अट शिथिल करू शकते. तसे केले असेल तर ते स्पष्ट लिहावे. छायाचित्रांची संमती वेगळी घ्यावी लागते. नुसत्या बुबुळाच्या छायाचित्रावरून माणूस ओळखू येत नाही, पण वय, व्यवसाय आणि छोट्या गावाचे नाव एकत्र आले की अख्खे गाव त्याला ओळखते.

शेवटी लेखकांची नावे. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखकाने कामात भरीव वाटा उचललेला असावा, मसुदा लिहिलेला किंवा त्यात आशयाच्या सुधारणा केलेल्या असाव्यात, अंतिम प्रत मान्य केलेली असावी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेतलेली असावी. यांतले चारही निकष पूर्ण व्हावे लागतात. या काल्पनिक मालिकेत पानाच्या तुकड्यावर बीजाणू उगवून दाखवणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई पहिला निकष निःसंशय पूर्ण करतात, म्हणून मसुदा त्यांच्याकडे वेळेत पाठवून उरलेल्या तिन्हींची संधी त्यांना द्यायला हवी. विभागप्रमुखांनी फक्त खोली आणि यंत्र दिले असेल, तर त्यांचे नाव आभारात जाते. हे त्यांना सांगायचे कोणी, हा प्रश्न पत्र लिहिण्याआधीच सोडवलेला बरा, कारण पत्रातली लेखकांची आद्याक्षरे आणि लेखातली नावे जुळली नाहीत की संपादक सगळ्या लेखकांकडून लेखी खुलासा मागवतात.