जन्मदिवसाचा प्रश्न

एका खोलीत किती माणसे जमली म्हणजे त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक होते, असा हा संभाव्यताशास्त्रातला प्रसिद्ध प्रश्न आहे. उत्तर आहे २३. फुटबॉलचे दोन संघ आणि पंच मैदानात उतरले की एवढी माणसे होतात. वर्षाचे ३६५ दिवस डोळ्यांपुढे असल्यामुळे पुष्कळांना त्याच्या निम्मे, म्हणजे १८३ च्या आसपासचे उत्तर अपेक्षित असते, म्हणून याला ‘जन्मदिवसाचा विरोधाभास’ असेही म्हणतात. नाव जरा भडक आहे, कारण गणितात इथे कुठेही विरोध येत नाही. हा प्रश्न सहसा गणितज्ञ रिचर्ड फॉन मीझेस यांच्या १९३९ मधील लेखाशी जोडला जातो.

गणितासाठी तीन गोष्टी गृहीत धरतात: वर्ष ३६५ दिवसांचे (२९ फेब्रुवारी वगळून), प्रत्येक दिवशी जन्म होण्याची शक्यता सारखी, आणि एकाच्या जन्मतारखेचा दुसऱ्याच्या तारखेशी संबंध नाही.

प्रश्नाला सरळ भिडले तर काय होते ते आधी पाहू. माणसे तीनच आहेत असे समजा. तारखांच्या एकूण रचना ३६५ × ३६५ × ३६५. ‘निदान दोघांची तारीख एक’ हे दोन प्रकारे घडते: नेमक्या दोघांची तारीख जुळते आणि तिसरा वेगळा राहतो, किंवा तिघांचीही एकच तारीख येते. पहिल्याची संभाव्यता १०९२/१३३२२५, दुसऱ्याची १/१३३२२५. बेरीज १०९३/१३३२२५, म्हणजे सुमारे ०.८ टक्के. इथवर ठीक. चार माणसे झाली की प्रकार चार होतात: एक जोडी, दोन वेगवेगळ्या जोड्या, एक तिकडी, चौघेही एकत्र. २३ माणसांच्या वेळी अशा प्रकारांची संख्या १२५४ वर जाते, आणि प्रत्येक प्रकार वेगळा मोजावा लागतो.

यावर सुचणारी पळवाट अशी: प्रत्येक जोडी जुळण्याची संभाव्यता १/३६५, २३ माणसांत जोड्या २५३, तेव्हा उत्तर २५३/३६५, म्हणजे ६९ टक्के. हे चूक आहे. चूक कुठे झाली ते तिघांच्या उदाहरणात उघड दिसते. तीन जोड्यांचे ३/३६५ म्हणजे १०९५/१३३२२५ येतात, खऱ्या उत्तरापेक्षा २ ने जास्त. तिघांची तारीख एक असते तेव्हा तिन्ही जोड्या एकदम जुळतात, आणि एकदाच मोजायची ती शक्यता तीनदा मोजली जाते. माणसे वाढतील तशी ही दुबार मोजणी फुगत जाते. २८ माणसांत ३७८ जोड्या होतात, म्हणजे या रीतीने संभाव्यता एकाहून मोठी येते! तिथे तरी शंका यायलाच हवी.

सुटका उलट बाजूने होते. ‘निदान एक जोडी जुळली’ याच्या नेमके विरुद्ध ‘एकही जोडी जुळली नाही’ असते. या दोन घटना एकमेकींच्या पूरक आहेत: दोन्हींपैकी एक घडतेच, दोन्ही एकदम घडत नाहीत, म्हणून त्यांच्या संभाव्यतांची बेरीज १. जुळण्याच्या त्या १२५४ प्रकारांसमोर न जुळण्याचा प्रकार एकच, तो म्हणजे सगळ्यांच्या तारखा वेगळ्या. तेवढा मोजायचा आणि १ मधून वजा करायचा.

मोजणी करताना माणसे एकामागून एक खोलीत येत आहेत असे समजावे. पहिल्याला कोणतीही तारीख चालते: ३६५/३६५. दुसऱ्याला पहिल्याची तारीख सोडून कोणतीही: ३६४/३६५. तिसऱ्यासाठी दोन तारखा अडलेल्या आहेत: ३६३/३६५. असे करत तेविसाव्यासाठी ३४३/३६५. हे सगळे अपूर्णांक गुणायचे. दहा माणसांपर्यंत गुणाकार सुमारे ०.८८३ असतो, म्हणजे जुळण्याची संभाव्यता अवघी १२ टक्के. २२ माणसांवर तो ०.५२४३ वर येतो. तेविसावा आत येताच ०.५२४३ × ३४३/३६५ = ०.४९२७, आणि १ − ०.४९२७ = ०.५०७३. निम्म्याची रेघ इथे ओलांडली जाते. पुढचा चढ झपाट्याचा आहे: ३० माणसांना ७१ टक्के, ५० ना ९७ टक्के. पूर्ण खात्रीसाठी मात्र ३६६ माणसे लागतात.

हाताने करताना दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले, ३६५/३६५ हा अपूर्णांक विसरून ३६४ पासून २३ अपूर्णांक गुणले जातात, आणि उत्तर ५३.८ टक्के येते. ते २४ माणसांचे आहे. शेवटचा अंश ३६६ मधून माणसांची संख्या वजा केल्यावर येतो त्याइतकाच आहे ना, एवढे पाहिले की पुरते. दुसरे, सूत्र क्रमगुणितांत मांडून थेट ३६५!, म्हणजे १ ते ३६५ या सगळ्या संख्यांचा गुणाकार, काढायला गेले तर साधा कॅल्क्युलेटर हात टेकतो. बऱ्याच कॅल्क्युलेटरांना ६९! च्या पुढे जाता येत नाही. अपूर्णांक एकेक करून गुणत जाणेच बरे.

अंदाज चुकतो तो प्रश्न नकळत बदलल्यामुळे. ऐकणारा मनात विचारतो, ‘माझ्या तारखेचा कोणी असेल का?’ हा वेगळा प्रश्न आहे. इतर २२ जणांपैकी कोणाची तरी तारीख माझ्याशी जुळण्याची संभाव्यता १ − (३६४/३६५)²², म्हणजे सहा टक्क्यांहून थोडी कमी. ती निम्म्यावर न्यायला इतर २५३ जण लागतात. २३ माणसांतल्या जोड्याही २५३ च! हा नुसता योगायोग नाही. दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच तुलना लागतात. फरक इतकाच की मी मध्ये उभा असलो तर प्रत्येक नवा माणूस एकच तुलना आणतो, आणि कोणीही कोणाशी जुळलेला चालत असेल तर तेविसावा माणूस एकटाच २२ तुलना घेऊन येतो.

जन्म प्रत्यक्षात वर्षभर सारखे विखुरलेले नसतात, मग २३ हा आकडा टिकतो का? टिकतो. असमानतेमुळे जुळण्याची शक्यता वाढतेच, कधी घटत नाही. दोनच दिवसांचे वर्ष आणि दोनच माणसे घ्या. दोन्ही दिवस सारखे असतील तर दोघे न जुळण्याची संभाव्यता ०.५. जन्म ६० आणि ४० टक्के असे विभागले तर ती २ × ०.६ × ०.४ = ०.४८ वर येते. २९ फेब्रुवारीला इतर दिवसांइतकाच मान देऊन ३६६ दिवस धरले तरी २३ माणसांची संभाव्यता ५०.६ टक्के राहते. एकाच्या तारखेचा दुसऱ्याच्या तारखेशी संबंध नाही हे गृहीतक मात्र खरोखर मोडू शकते: गटात जुळी भावंडे असतील, किंवा खरी जन्मतारीख माहीत नसलेल्यांच्या नावापुढे कागदोपत्री एकच ठरावीक तारीख लिहिलेली असेल, तर वरचा गुणाकार त्या गटाला लागू पडत नाही.