हत्तीचा पूल: एक प्यादे जास्त असताना शहांच्या माऱ्यातून सुटका

दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी यांच्यामुळे नागपुरात घरोघरी बुद्धिबळाचे पट मांडले जाऊ लागले आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला दिव्याने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तर शिकवणीच्या वर्गांत ओपनिंगचीच चर्चा जास्त ऐकू येत होती. माझा आग्रह मात्र आधी डावाचा शेवट शिकण्याचा आहे, आणि तोही हत्तींच्या शेवटापासून. दोन्ही बाजूंना एकेक हत्ती आणि आपल्याकडे एक प्यादे जास्त, असे डाव फार होतात. त्यातले कितीतरी जिंकलेले डाव केवळ शह चुकवता न आल्यामुळे बरोबरीत सुटतात.

पट समोर घ्या आणि ही स्थिती मांडा. पांढऱ्याचा राजा डी८ वर, प्यादे डी७ वर, हत्ती एफ१ वर. काळ्याचा राजा जी७ वर, हत्ती सी२ वर. चाल पांढऱ्याची आहे. प्यादे वजीर होण्यापासून एकच घर दूर आहे, पण त्या घरात आपलाच राजा बसला आहे. काळ्याचा हत्ती सी पट्टी अडवतो, म्हणून राजाला बाहेर पडायला फक्त ई पट्टी उरते. काळ्याचा राजा मात्र एफ पट्टी ओलांडू शकत नाही, कारण तिथे आपल्या हत्तीचा पहारा आहे. हा पहारा नसेल, तर पुढचे काहीच लागू पडत नाही.

राजा लगेच बाहेर काढला तर काय होते ते आधी पाहू. राजा ई७ वर येताच काळा ई२ वरून शह देतो. राजा डी६ वर, तर डी२ वरून शह. राजा ई६ वर, तर पुन्हा ई२ वरून. आता राजा डी५ वर उतरला, की डी२ वरून शह येतो आणि इथेच घोटाळा होतो. राजा ई४ ला गेला, तर प्याद्याला राखण उरत नाही आणि काळा हत्ती सरळ डी७ मारतो. प्यादे राखायचे तर ई६ किंवा सी६ वर परत जावे लागते, आणि पुन्हा तोच शह. हे चक्र संपतच नाही.

म्हणून पांढरा पहिली चाल हत्तीची करतो: एफ१ वरून एफ४. कोणतीही धमकी न दिसणारी ही चाल साऱ्या डावाचा निकाल लावते. समजा, काळा हत्ती सी१ वर सरकला. आता राजा ई७, शह ई१ वरून. राजा डी६, शह डी१ वरून. राजा ई६, शह ई१ वरून. राजा डी५, शह डी१ वरून. आता पांढरा हत्ती डी४ वर येऊन आडवा उभा राहतो. शह थांबला. हाच तो हत्तीचा पूल. काळ्याने हत्ती मारला तर राजा तो परत मारतो. मग काळ्याचा राजा एफ७ पर्यंत पोहोचतो, पण पुढच्याच चालीत डी८ वर वजीर होतो.

चौथीच ओळ का, हे समजून घेण्यासारखे आहे. हत्ती आडवा आला की राजाने त्याला राखलेले असले पाहिजे. राजा डी५ वर असताना डी४ त्याच्या शेजारचे घर आहे. हत्ती तिसऱ्या ओळीत असता तर तो डी३ वर आला असता, पण काळा त्याला मारून पुन्हा शहच देतो; राजा डी३ पासून दूर असल्याने परत मारू शकत नाही, त्याला हलावे लागते आणि डी७ जाते. पाचव्या ओळीत हत्ती नेला, तर काळा राजा जी६ वर येऊन त्याच्यावरच हल्ला करतो, आणि हत्तीला पुन्हा जागा शोधत फिरावे लागते.

काळा हुशार असेल तर तो मध्येच शह देणे थांबवतो. राजा ई६ वर आणि काळा हत्ती डी१ वर असताना तो पुन्हा शह न देता, डी८ वर नजर ठेवून, राजा जी६ ला आणतो. तेव्हा हत्ती एफ५ वर न्यावा. तो तिथे राजाने राखलेला असतो आणि पुढच्या चालीत डी५ वर येण्याची धमकी देतो. पूल तोच, फक्त एक ओळ वर बांधला जातो.

एका जागी हे तंत्र चालत नाही: प्यादे ए किंवा एच पट्टीवर असेल तर. राजा कोपऱ्यात अडकतो, बाहेर पडायला एकच बाजू असते, आणि काळा राजा जवळ असेल तर त्याला बरोबरी मिळते. म्हणून हत्तींच्या शेवटात प्याद्यांची अदलाबदल करताना कडेचे प्यादे उरू देऊ नका, असे मी मुलांना वारंवार सांगतो.

या स्थितीला लुसेना यांचे नाव आहे, पण त्यांच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाही. ती साल्व्हिओ यांच्या १६३४ च्या पुस्तकात आढळते.

सराव करताना काळ्याची बाजूही खेळा. काळा हत्ती सी पट्टीवरून हलवून दुसरीकडे ठेवा, म्हणजे पांढरा राजा सी बाजूनेही कसा निसटतो ते दिसेल. मग काळा राजा जी७ ऐवजी ई६ वर ठेवून तीच स्थिती मांडा. राजा डी८ वरून ई७ कडे जाऊच शकत नाही, आणि एफ पट्टीवरच्या पहाऱ्याने आधी किती काम केले होते ते लगेच कळेल.