डेव्हलपर जाताना लिहून घ्यायची चार्ज-चिठ्ठी (अँड्रॉइड ॲप असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

तुमच्या दुकानाचं, डेअरीचं किंवा क्लासचं अँड्रॉइड ॲप एकाच माणसाने बांधलं असेल आणि तो माणूस आता नोकरी सोडत असेल, तर हे पत्रक त्याच्या नोटीस पिरियडसाठी आहे. ॲप सांभाळायला आमच्याकडे येतं तेव्हा बहुतेकदा जुना डेव्हलपर निघून गेलेला असतो आणि हातात असते एक पानभर चिठ्ठी. त्या चिठ्ठीत काय असायला हवं आणि ती खरी आहे हे कसं तपासायचं, एवढंच इथे सांगितलं आहे. तुम्हाला कोड वाचता येत नसला तरी हे काम तुम्ही करून घेऊ शकता.

चिठ्ठीत तीन गोष्टी लागतात: ॲप बांधायची पद्धत, सही करायची की कुठे आहे ते, आणि माहीत असलेल्या अडचणी. या तिन्हींचं वजन सारखं नाही. बांधायची पद्धत हरवली तर जाणकार माणूस दोन-चार दिवसांत ती पुन्हा शोधून काढतो. अडचणी लिहिल्या नसतील तर वेळ आणि पैसा वाया जातो. की हरवली तर मात्र ती पुन्हा बनवता येत नाही. म्हणून आधी कीचं बोलू.

सही करायची की

अँड्रॉइडचं प्रत्येक ॲप एका खाजगी कीने सही केलेलं असतं. फोनवर आधीच असलेल्या ॲपवर नवी आवृत्ती चढवताना फोन दोन्हींची सही ताडून पाहतो. सही जुळली नाही तर अपडेट चढतच नाही. ही की `.jks` किंवा `.keystore` अशा नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते. ती उघडायला फाइलचा पासवर्ड लागतो, आतल्या कीचं नाव (त्याला एलियस म्हणतात) लागतं, आणि जुन्या पद्धतीच्या फाइलला कीचा वेगळा दुसरा पासवर्डही असू शकतो. यातला एक पासवर्ड जरी राहिला तरी फाइल असून नसल्यासारखी.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण तुमचा धोका त्यावर ठरतो. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपची मुख्य की, म्हणजे फोन जिची सही ताडून पाहतो ती, गूगलकडे राहते. डेव्हलपरकडे असते ती फक्त अपलोड की, म्हणजे ‘ही फाइल आमच्याकडूनच आली आहे’ एवढं गूगलला पटवणारी. अपलोड की हरवली तर प्ले कन्सोलमधून, म्हणजे ॲप प्ले स्टोअरवर चढवायच्या गूगलच्या वेबसाइटवरून, अर्ज करून नवी लावता येते. थोडे दिवस जातात, पण ॲप वाचतं. त्याआधीची ॲप्स या व्यवस्थेत आपोआप गेलेली नाहीत. तुमचं ॲप जुनं असेल आणि मुख्य की अजून तुमच्याच डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असेल, तर ती गेल्यावर त्या ॲपला पुन्हा कधीच अपडेट देता येणार नाही. नव्या नावाने दुसरं ॲप टाकावं लागेल, प्रत्येक ग्राहकाला ते नव्याने उतरवायला सांगावं लागेल, आणि जुने रिव्ह्यू व इन्स्टॉलचा आकडा मागेच राहील.

तुमचं ॲप कुठल्या गटात आहे हे प्ले कन्सोलच्या ‘App signing’ पानावर दिसतं. तिथे ‘App signing key certificate’ आणि ‘Upload key certificate’ असे दोन वेगळे भाग दिसले तर मुख्य की गूगलकडे आहे. या पानाचा स्क्रीनशॉट चिठ्ठीला जोडायला सांगा.

आमच्याकडे आलेली एक चिठ्ठी

शेतीमालाच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं ऑर्डर घ्यायचं ॲप होतं, २०१९ मधलं. जाणाऱ्या डेव्हलपरने प्रामाणिकपणे चिठ्ठी लिहिली होती. कीबद्दल तिच्यात एकच ओळ होती: ‘कीस्टोअर keys फोल्डरमध्ये आहे, पासवर्ड साहेबांना दिला आहे.’ फोल्डर उघडलं तर आत दोन फाइली, `release.jks` आणि `upload.jks`, आणि पासवर्ड एकच. तो दोन्हींना चालत होता, त्यामुळे कोणती खरी ते कळेना.

सुदैवाने तो अजून आठ दिवस ऑफिसात येणार होता. त्याला समोर बसवून दोन्ही फाइलींचा ठसा काढला. त्यासाठी एकच आज्ञा लागते:

```
keytool -list -v -keystore upload.jks
```

पासवर्ड दिला की एलियस, मुदत आणि SHA1 ही अक्षरं-आकड्यांची लांब ओळ, म्हणजेच कीचा ठसा, समोर येते. हीच ओळ प्ले कन्सोलच्या त्या पानावरही असते. `upload.jks` चा ठसा अपलोड कीशी जुळला आणि `release.jks` चा मुख्य कीशी. मग त्यालाही आठवलं की ॲप २०१९ पासून जुन्या कीवर चालत होतं आणि पुढे गूगलच्या व्यवस्थेत गेलं तेव्हा त्याने अपलोडसाठी दुसरी की बनवली होती. हे न कळता नव्या माणसाने `release.jks` ने सही करून फाइल चढवली असती, तर प्ले कन्सोलने चुकीच्या कीने सही केली आहे असा संदेश देऊन ती परत केली असती.

जुनी फाइल आम्ही टाकून दिली नाही. हा व्यापारी काही डीलरांना ॲपची एपीके फाइल थेट व्हॉट्सॲपवर पाठवत असे. त्यांच्या फोनवरचं ॲप मुख्य कीनेच सही केलेलं होतं, तेव्हा त्यांना पुढची फाइलही त्याच कीने सही करूनच द्यावी लागणार होती. चिठ्ठीतल्या त्या एका ओळीच्या आता पाच ओळी झाल्या: दोन्ही फाइलींची नावं, प्रत्येकीचा एलियस, प्रत्येकीचा SHA1 ठसा, कोणती कशासाठी वापरायची, आणि कुठे ठेवली आहे.

पासवर्ड चिठ्ठीत लिहायचा नाही. तो कुठे आहे एवढंच लिहायचं. या व्यापाऱ्याने फाइली दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, एक ऑफिसच्या तिजोरीत आणि एक घरी, आणि पासवर्ड बंद पाकिटात वेगळ्या जागी ठेवले. फाइल आणि पासवर्ड एकाच मेलमध्ये किंवा एकाच चॅटवर कधीही पाठवू नका. रेपोमध्ये, म्हणजे ॲपचा सगळा कोड साठवतात त्या जागीही, की ठेवू नका, कारण रेपो पाहू शकणारा प्रत्येक जण मग तुमच्या नावाने सही करू शकतो.

बांधायची पद्धत: कोऱ्या लॅपटॉपवर करून पाहा

चिठ्ठीत ‘प्रोजेक्ट उघडा आणि बिल्ड करा’ असं लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ते खरंही असतं. पण त्या मशीनवर वर्षानुवर्षं साठलेल्या गोष्टी असतात, ज्या त्याला आता दिसतही नाहीत. म्हणून आम्ही एकच परीक्षा घेतो. ज्या लॅपटॉपवर हे ॲप कधी बांधलेलं नाही तिथे दुसरा माणूस बसेल, फक्त चिठ्ठी वाचून काम करेल, आणि जाणारा डेव्हलपर शेजारी बसेल पण कीबोर्डला हात लावणार नाही. जिथे त्याला तोंडी काही सांगावं लागेल, तिथे चिठ्ठीत ओळ कमी आहे.

शेवटची आज्ञा साधीच असते:

```
./gradlew bundleRelease
```

सगळं ठीक असेल तर `app/build/outputs/bundle/release` मध्ये `.aab` फाइल तयार होते. वर सांगितलेल्या ॲपमध्ये तिथवर पोचायला आम्हाला तीन वेळा अडखळावं लागलं. पहिल्यांदा जावाची आवृत्ती जुळेना. प्रोजेक्टला १७ हवी होती आणि चिठ्ठीत नुसतं ‘जावा टाका’ असं होतं. दुसऱ्यांदा `google-services.json` आणि `keystore.properties` या फाइली सापडेनात. रेपोमध्ये त्या मुद्दाम ठेवलेल्या नव्हत्या, जे योग्यच होतं, पण त्या कुठून घ्यायच्या हे लिहिलेलं नव्हतं.

तिसरा अडथळा सगळ्यांत चांगला धडा देणारा होता. एक जुनी लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये वापरलेला दुसऱ्यांचा तयार कोड, मिळेचना. ती पूर्वी जेसेंटर या साठ्यावरून येत असे आणि तो साठा आता बंद झाला आहे. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर तिची प्रत ग्रेडल या ॲप बांधायच्या साधनाच्या कॅशमध्ये पडून होती, म्हणून तिथे बिल्ड आजवर बिनबोभाट होत राहिलं. तो लॅपटॉप फॉरमॅट झाला असता, तर ॲप बांधताच आलं नसतं आणि कारण शोधण्यात बराच वेळ गेला असता. त्याने दुपारभर बसून ती लायब्ररी काढली आणि दुसरी लावली.

फाइल तयार झाली म्हणजे परीक्षा संपली असं नाही. आवृत्तीचा आकडा (`versionCode`) एकाने वाढवून ती फाइल प्ले कन्सोलच्या ‘Internal testing’ मध्ये चढवा आणि एका फोनवर प्ले स्टोअरमधून उतरवा. जुन्या ॲपवर नवी आवृत्ती चढली, लॉगिन झालं आणि एक ऑर्डर पडली, तर की आणि पद्धत दोन्ही खऱ्या ठरल्या.

माहीत असलेल्या अडचणी

‘कधी कधी नोटिफिकेशन येत नाही’ ही अडचण लिहिण्याची पद्धत नाही. काय दिसतं, कुठल्या फोनवर किंवा कुठल्या वेळी, तोवर काय उपाय करायचा आणि ते आजवर दुरुस्त का केलं नाही, हे चारही हवं. त्याच वाक्याचं आमच्या सांगण्यावरून असं झालं: ‘बॅटरी वाचवणारी सेटिंग चालू असलेल्या काही फोनवर ॲप मागे बंद पडतं आणि नोटिफिकेशन ॲप उघडल्यावरच येतं. ग्राहकाला त्या सेटिंगमधून ॲपला सूट द्यायला सांगावं. ही फोनची वागणूक आहे, कोड बदलून पूर्ण सुटत नाही.’ नव्या माणसाचे आठवडाभराचे कष्ट या तीन वाक्यांनी वाचतात.

एक अडचण जवळपास प्रत्येक ॲपमध्ये निघते, म्हणून ती इथेच सांगतो. नव्या लॅपटॉपवर चाचणीसाठी ॲप बांधलं की गूगल लॉगिन चालत नाही, ‘10’ असा एरर कोड येतो, आणि नकाशा कोरा दिसतो. नवा माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. खरं कारण असं की चाचणीच्या ॲपवर प्रत्येक मशीन स्वतःच्या वेगळ्या कीने सही करतं, आणि गूगलकडे फक्त जुन्या मशीनचा ठसा नोंदलेला असतो. नव्या मशीनचा SHA1 गूगलच्या फायरबेस या सेवेत आणि नकाशा वापरायच्या परवान्याच्या, म्हणजे एपीआय कीच्या, यादीत घातला की दोन्ही सुरळीत होतं. ठसा या आज्ञेने मिळतो:

```
./gradlew signingReport
```

शेवटच्या दिवसाआधी

प्ले कन्सोलचं मालक खातं कुणाच्या जीमेलवर आहे आणि त्याचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हे पाहून घ्या. तो नंबर जाणाऱ्या माणसाचा असेल तर तो समोर असतानाच बदला. नंतर प्रत्येक लॉगिनला त्याला फोन करावा लागेल, आणि ते त्यालाही बरं वाटणार नाही.

त्याचा प्रवेश काढायचा तो कोऱ्या लॅपटॉपवरची परीक्षा पूर्ण झाल्यावरच. अपलोड कीची एक प्रत त्याच्याकडे राहिली असण्याची शक्यता असतेच. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही, जुन्या लॅपटॉपवर फाइली राहून जातात. मुख्य की गूगलकडे असेल तर प्ले कन्सोलमधून अपलोड की बदलायचा अर्ज करता येतो. नवी की कधीपासून चालेल ते गूगलच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं. त्या दिवसापर्यंत नवी आवृत्ती काढायची नाही असं ठरवा आणि नव्या कीचा ठसा चिठ्ठीत जुन्याच्या जागी लिहा.

परीक्षेला साधारण एक पूर्ण दिवस धरा. आमच्याकडे येताना जाणाऱ्या डेव्हलपरला, त्याचा लॅपटॉप आणि चिठ्ठीची छापील प्रत घेऊन या. कोरा लॅपटॉप आमचा असेल.